रिकामा डबा आणि मयुरीची चक्कर

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'आहार' हा घटक शिकवताना मी पाचवीच्या वर्गात एक गोष्ट सांगते. गोष्ट काल्पनिक आहे, पण तुमच्या ओळखीत अशी एखादी मुलगी नक्की असेल. मुलांना कॉलेजातल्या ताईची गोष्ट म्हटलं की कान टवकारतात, म्हणून नायिका मुद्दामच मोठी घेतली आहे. आधी गोष्ट वाचा, मग वर्गात ती कशी घ्यायची ते सांगते.

मयुरी एस.वाय.बी.कॉम.ला. गाव कराडजवळ, कॉलेज शहरात. सकाळी साडेसहाची एसटी पकडायची म्हणून कपभर चहा घ्यायची आणि पळायची. आई डबा न चुकता द्यायची. पोळी, भाजी, कधी शेंगदाण्याची चटणी. युवा महोत्सवासाठी समूहनृत्यात निवड झाली आणि मयुरी तिसऱ्या रांगेतून थेट पहिल्या रांगेत आली. एका मैत्रिणीने सहज म्हटलं, "पहिल्या रांगेत सगळं दिसतं हं, जरा बारीक हो." त्या दिवसापासून मयुरीचा डबा मैत्रिणींमध्ये वाटला जाऊ लागला. घरी डबा रिकामा परत जायचा. आईला वाटायचं, लेक पोटभर जेवते.

ऑक्टोबरमधली दुपार. हॉलला पत्र्याचं छप्पर, दोनच पंखे. कोळीनृत्याचा सराव दोन वाजता सुरू झाला. गुडघे वाकवून, कमरेत लवून, वल्हं मारल्यासारखे हात. मांड्या भरून येतात असा नाच. साडेतीनला सरांनी गाणं थांबवलं आणि सगळ्यांना आहे त्या जागी उभं करून रांगा समजावायला लागले. मयुरीला आधी जांभई आली. मग घाम आला, पण गार. सरांचा आवाज लांबून आल्यासारखा झाला, डोळ्यांपुढे काळे ठिपके आले, आणि ती बसकण मारावी तशी खाली कोसळली.

पळापळ झाली. कुणी म्हणालं कांदा आणा, कुणी चप्पल हुंगवायला निघालं, एक जण तोंडात पाणी ओतणार होती. एनसीसीतल्या एका मुलीने सगळ्यांना मागे सारलं. मयुरीला सरळ झोपवून तिचे पाय दप्तरांच्या ढिगावर ठेवले, ओढणी सैल केली. अर्ध्या मिनिटात मयुरीने डोळे उघडले. पाच-दहा मिनिटं तिला उठू दिलं नाही. मग बसवून लिंबू-साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं आणि सर तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं कधी जेवलीस?" मयुरीने आठवून सांगितलं, काल रात्री साडेआठला. म्हणजे तब्बल एकोणीस तास! रक्तदाब ९०/६० भरला, हिमोग्लोबिन ९.८. बायकांमध्ये ते १२ च्या खाली असलं की रक्तक्षय म्हणतात. बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली, तर ती ७४. म्हणजे फार काही कमी नाही.

इथे मी गोष्ट थांबवते, कारण मोठी माणसंही इथेच चुकतात. उपाशी माणूस पडला की आपण लगेच म्हणतो, "साखर कमी झाली." पण निरोगी माणसाचं यकृत साखर साठवून ठेवतं आणि तो साठा संपत आला तरी शरीर दुसरीकडून थोडी थोडी साखर तयार करत राहतं. म्हणून मयुरीची साखर तशी जागेवर होती. मग ती पडली का? आपण पाणी फक्त तांब्यातून पितो असं नाही, ते भाजी-आमटी-भातातूनही पोटात जातं आणि मीठही त्यातूनच मिळतं. जेवण नाही म्हणजे ते दोन्ही नाही. त्यात घामाने आणखी गेलं. शरीरात फिरणारं रक्तच कमी पडलं. नाचताना पायांचे स्नायू आवळतात-सुटतात, तेव्हा ते रक्त वर ढकलत असतात. नाच थांबला, ती स्तब्ध उभी राहिली, रक्त पायांतच साचलं आणि मेंदूला पुरेसं पोचेना. म्हणून ती नाचताना नाही, थांबल्यावर पडली. पाय वर केल्यावर शुद्ध आली तीही यामुळेच.

हा फरक पालकांनी लक्षात ठेवावा. थांबल्यावर, बराच वेळ उभं राहून आलेली चक्कर बहुतेक वेळा अशीच असते. पण ऐन धावताना किंवा नाचताना मूल कोसळलं, छातीत धडधडलं, डोक्याला मार लागला किंवा मिनिटभरात शुद्ध आली नाही, तर खाण्यापिण्यावर ढकलू नका. डॉक्टरांकडे न्या आणि हृदयाची तपासणी करावी का, हे विचारा.

आता गोष्ट पुढे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, असं बजावलं. चहामुळे लोह अंगी लागत नाही. घरी आल्यावर आई रागावली नाही. ती रिकामा डबा हातात घेऊन एवढंच म्हणाली, "मग रोज कोण जेवत होतं गं?" मयुरीला त्याचंच जास्त रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ती जेवली खरी, पण पावणेदोनला, घाईघाईत, तीन पोळ्या. दोनला नाचायला उभी राहिली तर पोटात कळ आणि उमासे. (हा भाग मुलांना फार आवडतो.) मग तिने वेळ बदलली. सकाळी एसटीत बसल्यावर एक शेंगदाणा-गुळाचा लाडू आणि केळं. साडेबाराला तास सुटला की डबा, वर लिंबाची फोड, कारण लिंबाने भाजी-डाळीतलं लोह चांगलं शोषलं जातं. सराव दोनला, म्हणजे मध्ये दीड तास. सरावात दर अर्ध्या तासाने पाणी. आणि गाणं थांबलं की पुतळ्यासारखं उभं न राहता जागच्या जागी पावलं टाकायची. ही सवय सरांनी सगळ्यांनाच लावली. हिमोग्लोबिन चढायला काही महिने लागले, पण चक्कर परत आली नाही. महोत्सवात ती पहिल्या रांगेतच नाचली. बारीक झाली नव्हती. नंबर आला का, हे मुलं हमखास विचारतात. मी सांगते, दुसरा आला.

वर्गात मी दोन गोष्टी करून घेते. एक, चक्कर आलेल्याला झोपवून पाय उंच ठेवण्याचं प्रात्यक्षिक, दोन-दोन मुलांच्या जोडीत. दुसरी बोटांवर मोजायची: काल रात्री किती वाजता जेवलात, आणि आज शाळेत खिचडी मिळेपर्यंत किती तास होतात? सकाळी काही खाल्लं असेल तर तिथून मोजायचं. उत्तर मोठ्याने सांगायचं नाही, चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यायचं. ज्या चिठ्ठीवर बारापेक्षा मोठा आकडा असेल, त्या घरी मी त्याच आठवड्यात फोन करते. आईला आधी एवढंच विचारते, सकाळी घरातून पहिलं कोण बाहेर पडतं आणि चूल किती वाजता पेटते.