दोनशे दहा विरुद्ध तीनशे नव्वद

सुती साड्या ऑनलाइन विकणाऱ्या एका ताईंनी आधीच्या एजन्सीचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. लुकअलाइक ऑडियन्सवर एक ऑर्डर २१० रुपयांना पडत होती, इंटरेस्ट ऑडियन्सवर ३९० ला. खाली शेरा होता, ‘इंटरेस्ट बंद करावे.’ ताई म्हणाल्या, “दादा, आकडेच बोलतायत की!”

मी त्यांचं अ‍ॅड्स मॅनेजर उघडलं. आधीच्या गिऱ्हाइकांच्या यादीवरून बनवलेला एक टक्क्याचा लुकअलाइक दोन महिने जुना होता. त्याला रोजचे १,५०० रुपये मिळत होते आणि त्यातल्या व्हिडिओखाली कॉमेंट्सची रांग लागली होती. ‘हँडलूम’, ‘साडी’ वगैरे आवडींवरचा इंटरेस्ट सेट मात्र नवा होता. त्याला रोज ४०० रुपये आणि नुकताच टाकलेला, एकही लाइक नसलेला फोटो. डिलिव्हरीच्या रकान्यात अजून Learning दिसत होतं. एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या असताना दोषी ऑडियन्सच, हे कशावरून ठरवलं, कोण जाणे.

त्यातली शिकण्याच्या टप्प्याची गोष्ट सर्वांत जास्त फसवते. मेटाच्या सांगण्यानुसार एका अ‍ॅड सेटला शिकून स्थिरावायला आठवड्यात साधारण ५० रिझल्ट लागतात; तुम्ही परचेसवर ऑप्टिमाइझ केलं असेल तर ५० ऑर्डरी. आता हिशेब करा. रोजचे ४०० म्हणजे आठवड्याचे २,८०० रुपये. ३९० ची एक ऑर्डर धरली तर झाल्या सात. हा सेट वर्षभर चालवला तरी शिकून बाहेर पडला नसता. शिकत असताना खर्च वर-खाली होतो आणि ऑर्डर बहुधा महाग पडते. तशा सेटची स्थिरावलेल्या सेटशी तुलना म्हणजे मुंज झालेल्या मुलाला वकिलाशी वाद घालायला लावणं.

मग दोन्ही सेट परचेसवर चालवायचे तर ३५० रुपयांच्या हिशेबाने प्रत्येकी आठवड्याला साडेसतरा हजार हवे होते. ताईंची तयारी एकूण रोज १,९०० ची. म्हणून आम्ही ऑप्टिमायझेशन ‘अ‍ॅड टू कार्ट’वर आणलं. त्यांच्याकडे एका ऑर्डरमागे पाचेक जण कार्टमध्ये साडी टाकत, त्यामुळे ५० चा आकडा आवाक्यात आला. याची किंमत असते: मेटा मग कार्टवाले शोधतं, खरेदीदार नव्हे. म्हणून निकाल मात्र ऑर्डरींवरच बघायचा.

दोन्ही सेट नव्याने केले, प्रत्येकी रोज ९५० रुपये. बजेट कॅम्पेनच्या पातळीवर ठेवलं नाही, कारण तिथे मेटा स्वतःच्या मर्जीने एकाला जास्त वाटा देतं. जाहिरात एकच आणि दोन्हीकडे तीच, नव्याने चढवलेली. दोन-तीन जाहिराती टाकल्या असत्या तर प्रत्येक सेटने वेगळी निवडून पुढे ढकलली असती. जुने गिऱ्हाईक दोन्हीकडून वगळले. ते एकीकडे शिरले की ती बाजू फुकटात स्वस्त दिसते. आणि ‘अ‍ॅडव्हांटेज प्लस ऑडियन्स’ बंद केलं. ते चालू असेल तर तुम्ही दिलेली आवड ही नुसती सूचना ठरते, मेटा बाहेरही जातं आणि दोन्हीकडे शेवटी तशाच प्रकारचे लोक भेटू शकतात. हे सगळं मेटाच्याच ए/बी टेस्टमधून चालवलं, म्हणजे एक माणूस एकाच बाजूला राहतो.

चालू असताना हात लावायचा नाही, हे ताईंना दोनदा सांगावं लागलं. सणाच्या आधी त्यांना बजेट दुप्पट करायचं होतं. पण बजेटमध्ये मोठी उडी, नवी जाहिरात किंवा ऑडियन्समध्ये बदल केला की शिकणं परत पहिल्यापासून. पहिला आठवडा मी मोजलाच नाही. दोन्ही सेटवरचं Learning गेल्यावर पुढचे दोन आठवडे मोजले.

प्रत्येकी १३,३०० रुपये गेले. लुकअलाइकला ४१ ऑर्डरी, इंटरेस्टला ३६. म्हणजे ३२४ विरुद्ध ३६९ रुपये. दोनशे दहाचा जुना थाट गेला, कारण जुने गिऱ्हाईक वगळले आणि जुनी चालती जाहिरातही नव्हती.

“मग लुकअलाइकच की,” ताई म्हणाल्या. इथे मी एक ढोबळ कसोटी लावतो. खर्च सारखा असेल तर दोन्हीकडच्या ऑर्डरींची बेरीज करायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि फरक त्याच्या दुपटीहून जास्त आहे का ते बघायचं. ७७ चं वर्गमूळ पावणेनऊच्या आसपास, दुप्पट साडेसतरा. फरक पाचचा. एवढा फरक उद्या उलटाही पडू शकतो.

म्हणून आम्ही इंटरेस्ट सेट बंद केला नाही. तुमच्या हाती असा रिपोर्ट आला, तर दर ऑर्डरीच्या आकड्याआधी दोन्ही सेटची सुरुवातीची तारीख, रोजचं बजेट आणि जाहिरात मागा; ती सारखी नसतील तर पैसे हलवू नका.