घटक ६ : उत्पादन-चित्रफितीच्या संहितेचे पुनर्लेखन : प्रारंभाचे वाक्य

६.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• तयार संहितेचा प्रारंभ कोठे व का रेंगाळतो, हे मोजून सांगता येईल.
• संहितेतच दडलेले कळीचे वाक्य शोधून ते आरंभी आणता येईल.
• प्रारंभ बदलल्यामुळे पुढील वाक्यांत निर्माण होणारे भाषिक दोष दुरुस्त करता येतील.

६.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण उत्पादनाची माहिती देणाऱ्या चित्रफितीची संहिता नव्याने कशी लिहावी, हे पाहिले. व्यवहारात मात्र लेखकाकडे बहुधा कोरा कागद येत नाही. दुकानदाराने किंवा त्याच्या घरच्या कोणी लिहिलेली संहिता येते, आणि ‘हिची सुरुवात तेवढी जोरकस करून द्या’ अशी मागणी येते. सगळी संहिता बदलण्याची मुभा नसते व तशी गरजही नसते.

अशा संहितांचा प्रारंभ संथ असण्याचे कारण आपल्या वक्तृत्वाच्या सवयीत आहे. सभेत वक्ता आधी श्रोत्यांना अभिवादन करतो. कीर्तनातही आख्यानापूर्वी पूर्वरंग असतो. तेथे हे उचितच आहे, कारण श्रोता ठरवून आलेला असतो आणि बैठक मारून बसलेला असतो. मोबाइलच्या पडद्यावर आलेला प्रेक्षक असा बसलेला नसतो. यूट्यूबवरील वगळता येणारी जाहिरात पाच सेकंदांनंतर वगळता येते. म्हणजे पूर्वरंग संपण्याआधीच प्रेक्षकाच्या हाती उठून जाण्याचा मार्ग असतो.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ मूळ संहिता आणि तिचे मोजमाप

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथे तांब्याची भांडी हाताने घडवण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेथे घडलेली कळशी विकणाऱ्या एका दुकानाची चित्रफीत आहे, अशी कल्पना करून पुढील संहिता या पाठासाठी रचली आहे. तिच्यासारख्या संहिता तुमच्या पाहण्यात नक्कीच आल्या असतील.

(१) नमस्कार मंडळी, आमच्या या व्हिडिओमध्ये आपले सर्वांचे मनःपूर्वक स्वागत!
(२) पुणे हे ऐतिहासिक शहर असून येथे हस्तकलांची मोठी परंपरा आहे.
(३) कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईच्या काळापासून तांब्याची भांडी घडवली जातात.
(४) याच आळीतील कारागिरांनी घडवलेली कळशी आज आम्ही आपल्यासाठी घेऊन आलो आहोत.
(५) हिच्यावर जे गोल ठोके दिसतात, त्या कामाला मठारकाम म्हणतात.
(६) अनेकांना ती नक्षी वाटते, परंतु या ठोक्यांमुळे मऊ पत्रा ताठ होतो.

पहिले काम मोजण्याचे. घड्याळ लावून संहिता मोठ्याने वाचा. मराठी निवेदन स्पष्टपणे व न घाईने वाचले, तर साधारणपणे सेकंदाला दोन शब्द होतात. तुमचा वेग थोडा निराळा असेल, तर तोच धरा. वरील संहितेत पहिल्या तीन वाक्यांचे शब्द २९ आहेत. म्हणजे सुमारे साडेचौदा सेकंद विकावयाच्या वस्तूचा उल्लेखच नाही. सहावे वाक्य साठाव्या शब्दाला, म्हणजे तिसाव्या सेकंदाला संपते.

६.३.२ कळीचे वाक्य शोधणे

आता प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारा : येथे उत्पादनाचे नाव बदलले, तरी वाक्य चालेल का? याला आपण अदलाबदलीची कसोटी म्हणू. पहिले वाक्य साबणाच्या चित्रफितीतही चालेल. दुसरे वाक्य पैठणी विकणाराही किंचित फेरफार करून वापरील. तिसरे व चौथे वाक्य तांबट आळीतील कोणत्याही भांड्याला लागू पडेल. सहावे वाक्य मात्र मठारलेल्या भांड्यावाचून उभेच राहू शकत नाही. शिवाय त्यात प्रेक्षकाच्या समजुतीला धक्का आहे : त्याला जी नक्षी वाटते, ते भांड्याचे बळ आहे.

ही गोष्ट खरी आहे, याची खात्री करून घेणेही लेखकाचेच काम. भांडे घडवताना तांब्याचा पत्रा पुनःपुन्हा तापवतात. तापवल्याने तो मऊ पडतो आणि त्याला आकार देता येतो. अखेरीस हातोडीने शेजारी शेजारी ठोके देतात, तेव्हा धातूची अंतर्गत रचना बदलते आणि त्याचा कठीणपणा वाढतो. ठोक्यांनी पृष्ठभागावर प्रकाश खेळतो हे खरे, पण तेवढ्यासाठी ते काम केलेले नसते. हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसेल, तर त्याच्या दृष्टीने हाताचे मठारकाम आणि साच्याने उठवलेले ठोक्यांसारखे ठसे यांत फरक फक्त किमतीचा उरतो. कारागिराच्या मजुरीचे समर्थन करणारे वाक्य तिसाव्या सेकंदापर्यंत लपून राहिले आहे. या संहितेचा खरा तोटा तो आहे.

बहुतेक संथ संहितांत असेच घडते. आकर्षक वाक्य बाहेरून आणावे लागत नाही. ते तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात निमूटपणे बसलेले असते.

६.३.३ वाक्याची घडण

सापडलेले वाक्य उचलून जसेच्या तसे वर ठेवले, तर काम भागत नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि नकारही बहुधा तेथेच येतो. वाक्य लांबले, की अर्थाचा निकाल लांबणीवर पडतो. म्हणून प्रारंभाचे वाक्य आखूड हवे. तसेच, ज्या पदावर जोर द्यावयाचा ते मराठीत सामान्यतः क्रियापदाच्या लगेच आधी ठेवतात. ‘शोभेसाठी हे ठोके नाहीत’ आणि ‘हे ठोके शोभेसाठी नाहीत’ ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. दुसऱ्या वाक्यात प्रेक्षकाला दिसणारी वस्तू आधी येते आणि त्याचा गैरसमज बरोबर नकारापाशी उभा राहतो. आपल्याला हीच रचना हवी.

सुधारित प्रारंभ असा होईल :

[दृश्य : कळशीवर पडणारी हातोडी, अगदी जवळून. दोन सेकंद केवळ ठोक्यांचा आवाज.]
हे ठोके शोभेसाठी नाहीत. हे नसते, तर कळशीला लवकर पोचे आले असते.
तापवलेला तांब्याचा पत्रा मऊ असतो. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याने तो ताठ होत जातो.
या कामाला मठारकाम म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ते पेशवाईपासून चालत आले आहे. ही कळशी तेथील कारागिरांनी घडवली आहे.

पहिल्या दोन वाक्यांचे शब्द १२ आहेत, म्हणजे सहा सेकंद. संपूर्ण सुधारित भाग ४४ शब्दांचा, सुमारे बावीस सेकंदांचा आहे. त्यात सुरुवातीच्या आवाजाचे दोन सेकंद मिळवा. तांबट आळी, पेशवाई, कारागीर यांपैकी काहीही गाळलेले नाही. परंपरेचा उल्लेख केवळ आधीचा नंतर झाला आहे. आधी तो प्रस्तावना होता. आता ‘हे काम कोठे होते?’ या मनात उठलेल्या प्रश्नाचे तो उत्तर आहे.

येथे ‘तुम्हाला ठाऊक आहे का?’ असा प्रश्न टाकण्याचा मोह होतो. अदलाबदलीच्या कसोटीला तो उतरत नाही. त्याने दोन सेकंद खर्च होतात आणि प्रेक्षकाच्या हाती काहीच पडत नाही.

६.३.४ तुटलेले संदर्भ सांधणे

प्रारंभ बदलताना सर्वाधिक चुका सर्वनामांत होतात. मूळ संहितेतील पहिली चार वाक्ये नुसती खोडली, तर पाचव्या वाक्यातील ‘हिच्यावर’ निराधार होते, कारण ‘कळशी’ हा शब्द चौथ्या वाक्यासह गेला. चौथे वाक्य एकटे वर नेले, तर ‘याच आळीतील’ म्हणजे कोणत्या आळीतील, हे कळत नाही. म्हणून हलवलेल्या आणि उरलेल्या प्रत्येक वाक्यातील ‘हा, ही, हे, तो, ती, ते, याच, त्यामुळे, परंतु’ या शब्दांखाली रेघ ओढा आणि प्रत्येकाचा आधार त्याच्या आधी आला आहे का, ते पाहा.

चित्रफितीत याला एक सवलत आहे. ‘हे ठोके’ यातील ‘हे’ पडद्यावरील दृश्याकडे बोट दाखवते. मात्र त्या क्षणी पडद्यावर ठोकेच दिसले पाहिजेत. तेथे दुकानाची पाटी दिसत असेल, तर वाक्य कोसळते. म्हणून दृश्याची सूचना संहितेत वाक्याच्या शेजारीच लिहावी. फेसबुकसारख्या माध्यमांवर चित्रफीत पुष्कळदा आवाज बंद ठेवूनच सुरू होते. त्यासाठी पहिले वाक्य पडद्यावर अक्षरांतही द्यावे. चार शब्दांचे वाक्य तेथेही सोयीचे ठरते.

६.३.५ मर्यादा आणि पडताळणी

प्रारंभाचे वाक्य हे वचन असते. ‘या कळशीतील पाण्याने पोटाचे विकार बरे होतात’ हे वाक्य प्रेक्षकाला अधिक खेचेल, पण ते सिद्ध करता येणार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार कारवाई होऊ शकते. ‘हिला कधीच पोचा येणार नाही’ हेही खोटेच. म्हणून आपण ‘लवकर’ हा शब्द ठेवला आहे. तो शब्द वाक्याचा जोर किंचित कमी करतो, पण त्याला खरे ठेवतो.

बदल साधला का, हे यूट्यूब स्टुडिओतील प्रेक्षक टिकून राहिल्याच्या आलेखावरून पाहता येते. पहिल्या तीस सेकंदांनंतर किती टक्के प्रेक्षक उरले, हा आकडाही तेथे मिळतो. आलेख पहिल्या काही सेकंदांतच कोसळत असेल, तर दृश्य किंवा पहिले वाक्य कमकुवत आहे. तो थोडा टिकून दहाव्या सेकंदाच्या सुमारास कोसळत असेल, तर वचन दिले पण उत्तर लांबले, असे समजावे. आलेख चांगला असूनही पाहणारेच थोडे असतील, तर दोष शीर्षकाचा किंवा मुखचित्राचा असू शकतो. त्यासाठी संहिता पुन्हा मोडू नये. वीस-पंचवीस प्रेक्षकांच्या आलेखावरून मात्र कोणताच निष्कर्ष काढू नये.

प्रत्येक संथ प्रारंभ दोषास्पद नसतो, हेही लक्षात ठेवा. कळशी विकत घेतलेल्या गिऱ्हाइकाला ती चिंच-मिठाने कशी उजळावी, हे दाखवणारी चित्रफीत असेल, तर प्रेक्षक गरजेपोटी आलेला असतो. तेथे धक्का नको; काय काय लागेल, हे आधी सांगावे.

६.४ सारांश

संथ प्रारंभाची दुरुस्ती मोजमापाने सुरू होते. अदलाबदलीच्या कसोटीने कळीचे वाक्य सापडते. ते आखूड करून, जोराचे पद क्रियापदाजवळ ठेवून आरंभी आणावे. उत्तर लगेच द्यावे. परंपरा व परिचय त्यानंतर यावा. शेवटी सर्वनामांचे आधार तपासावेत आणि वाक्य खरे आहे का, याची खात्री करावी.

६.५ स्वाध्याय

१. मूळ संहितेतील पाचवे वाक्य प्रारंभी ठेवले, तर कोणते शब्द बदलावे लागतील? कारणे द्या.
२. ‘आमच्या मसाल्याला तीन पिढ्यांची परंपरा आहे’ या वाक्याला अदलाबदलीची कसोटी लावा. ते प्रारंभी ठेवावे का?
३. तुमच्या गावातील एखाद्या विक्रेत्याची संहिता किंवा चित्रफीत मिळवा. वस्तूचा पहिला उल्लेख आणि कळीचे वाक्य कितव्या सेकंदाला येते, ते नोंदवा. नंतर पहिले पंचवीस शब्द नव्याने लिहा व शेजारी दृश्यसूचना द्या.