करार झाला की नाही? वाणिज्य विद्यार्थ्यांसाठी तपासयादी व प्रश्न

आपली मुलं-मुली नांदेड-लातूरच्या कॉलेजांत बी.कॉम. करतात. व्यापारी कायद्याच्या पेपरात कराराचा प्रश्न आला, की भारतीय करार कायदा, १८७२ मधील पुढची यादी क्रमाने लावावी.

१) एकाचा प्रस्ताव व दुसऱ्याची जशीच्या तशी स्वीकृती
२) मोबदला, म्हणजे देणं-घेणं
३) दोघेही करारास पात्र : वय १८ पूर्ण, मन ठिकाणावर
४) राजीखुशी, धाक, दबाव वा फसवणूक नको
५) हेतू कायदेशीर
६) मजकूर निश्चित

प्रश्न १ : मुकादम म्हणाला, "दहा कोयते आणतो, उचल एवढी द्या." शेतकरी म्हणाला, "देतो, पण बारा कोयते आण." मुकादम गप्प बसला. करार झाला का?
उत्तर : नाही. अट बदलली म्हणजे ती स्वीकृती नव्हे, नवा प्रस्ताव झाला (कलम ७). त्यावर मुकादमाचा होकार हवा.

प्रश्न २ : वडील वारलेल्या १७ वर्षांच्या मुलाने मोटारसायकलसाठी सावकाराकडून ५०,००० रुपये घेतले व जमीन गहाणाचा कागद करून दिला. अठरा पूर्ण झाल्यावर "मागचा कागद मला मान्य" असं लिहून दिलं. बांधील आहे का?
उत्तर : नाही. कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करारास पात्र नाही. मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात कलकत्त्याच्या अज्ञान मुलाने २०,००० रुपयांसाठी मालमत्ता गहाण टाकली होती. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली ठरवलं, की असा करार मुळापासूनच शून्य आहे. जो कागद जन्मलाच नाही, त्याला पुढे मान्यता कशी देणार? म्हणून अठराव्या वर्षीचं लिहून देणंही निरुपयोगी. नवा करार करायचा तर नवा मोबदला लागतो.

इथे विद्यार्थी एक चूक करतात. "सावकाराचे पैसे कायमचे बुडाले" असं सरसकट लिहू नये. त्या खटल्यात रक्कम परत करण्याचा हुकूम झाला नाही हे खरं; पण विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ३३ प्रमाणे अज्ञानाला किंवा त्याच्या मालमत्तेला जेवढा लाभ झाला, तेवढा परत करायला कोर्ट सांगू शकतं. शिवाय पोटापाण्याच्या, गरजेच्या वस्तू पुरवल्या असतील, तर त्यांची भरपाई अज्ञानाच्या मालमत्तेतून मिळते (कलम ६८). मोटारसायकल सहसा त्यात बसत नाही.

प्रश्न ३ : "माझ्या रानातला थोडा ऊस तुला देईन."
उत्तर : थोडा म्हणजे किती टन, हे कशावरूनही ठरत नाही. कलम २९ प्रमाणे करार शून्य.

उत्तर लिहिताना आधी कलम, मग ते प्रश्नातल्या गोष्टीला लावून दाखवणं, शेवटी निष्कर्ष. नुसतं "करार शून्य" लिहिलं तर गुण कापले जातात.