रजेचा अर्ज : थोडक्यात आणि नेमका

तहसील कार्यालयातील एका लिपिकाने हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी लिहिलेला अर्ज नमुन्यादाखल घेऊ. त्याचा मूळ मजकूर असा :

“साहेबांच्या चरणी नम्र विनंती की, मला गेल्या वर्षापासून पोटात दुखत असून बरीच औषधे केली, परंतु गुण आला नाही. घरात करणारे दुसरे कोणी नाही. आता डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आहे. तरी कृपाळू होऊन दोन आठवडे सुट्टी द्यावी.”

अर्ज कळकळीचा आहे. पण त्यावर आदेश काढता येत नाही. रजा कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या प्रकारची, याचा त्यात उल्लेख नाही. ‘सुट्टी’ हा शब्दही येथे योग्य नव्हे. सुट्टी सर्वांना असते. रजा एकाला मंजूर होते. दुखण्याचा इतिहास अर्जात नको, कारण अर्ज अनेक टेबलांवरून जातो आणि आजाराचा पुरावा वैद्यकीय प्रमाणपत्र देतेच.

संपादित अर्ज असा होईल :

“विषय : शस्त्रक्रियेसाठी 14 दिवसांची परिवर्तित रजा मिळण्याबाबत.

महोदय,
माझी शस्त्रक्रिया दि. 8 जानेवारी 2026 रोजी ठरली आहे. त्यासाठी दि. 7 ते 20 जानेवारी 2026 अशी 14 दिवसांची परिवर्तित रजा मंजूर करावी व मुख्यालय सोडण्यास परवानगी द्यावी, ही विनंती. वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. रजाकाळातील पत्ता खाली दिला आहे.
आपला विश्वासू,”

त्याखाली सही, नाव, पदनाम, दिनांक व पत्ता येतो. यात आर्जव नाही, पण आदर उणावलेला नाही.

रजेचा प्रकार लिहिण्यास विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 नुसार परिवर्तित रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर पूर्ण वेतनाने मिळते. मात्र अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे या लिपिकाच्या खात्यातून 28 दिवस कमी होतील. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस याप्रमाणे जमा होते. खात्यात 28 दिवस शिल्लक नसतील तर अर्जित रजा मागावी. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी आस्थापना शाखेत रजेचा हिशेब पाहून घ्यावा.

तारखा मोजताना पहिला व शेवटचा दिवस धरावा. 7 ते 20 हे 14 दिवस होतात, 21 होत नाहीत. मधले शनिवार-रविवारही रजेतच मोजले जातात. हा लिपिक 21 जानेवारीस रुजू होईल आणि त्या वेळी कामासाठी योग्य असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करील. जखम भरण्यास अधिक दिवस लागले, तर 20 तारखेपूर्वीच नव्या प्रमाणपत्रासह रजावाढीचा अर्ज पाठवावा. अन्यथा पुढील दिवस विनापरवानगी गैरहजेरीचे ठरू शकतात.