सिंथेटिक ऑइल घातलं, मग दोन वर्षं बघायला नको?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी सहा वर्षांची आहे. पंचवटीतून सातपूर एमआयडीसीत कामाला जातो. एका बाजूचं अंतर साडेसात किलोमीटर, त्यामुळे वर्षाला गाडी जेमतेम साडेचार हजार किलोमीटर होते. पुस्तकात ५डब्ल्यू-३० ऑइल सांगितलंय. गॅरेजवाले म्हणतात, ‘फुल सिंथेटिक घाला, दहा हजार किलोमीटर बघायला नको.’ म्हणजे मी दोन वर्षं निश्चिंत राहू का? मिनरल, सेमी आणि फुल यांत नेमका फरक कशाचा असतो? आणि कुठलंही ऑइल घातलं तरी ते महिना-दोन महिन्यांत काळं का पडतं?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : दोन वर्षांचं आधी सांगून टाकतो. नाही, निश्चिंत राहू नका. तुमच्या वापरात फुल सिंथेटिकसुद्धा दर वर्षी बदलावं लागेल. यात गॅरेजवाल्यांनी फसवलं असं नाही. दहा हजारांचा आकडा चुकीचा नाही, पण तो तुमच्यासारख्या चालवण्याला लागू होत नाही.

मिनरल, सेमी, फुल ही तिन्ही नावं बेस ऑइलवरून पडली आहेत. डब्यात साधारण पंचाहत्तर ते नव्वद टक्के बेस ऑइल असतं आणि उरलेली रसायनं म्हणजे अॅडिटिव्ह. मिनरल बेस ऑइल कच्च्या तेलातून येतं. आपल्याला सर्वांत जवळ ते तयार होतं मुंबईत, माहुलच्या रिफायनऱ्यांमध्ये. जुन्या पद्धतीत कच्च्या तेलाचा जड भाग घेऊन त्यातला नको तो अंश द्रावकाने धुऊन काढतात, मग मेण वेगळं करतात. हा झाला बेस ऑइलचा पहिला गट. धुतलं तरी त्यात नाना आकारांचे रेणू आणि थोडं गंधक राहतंच. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात तेलावर प्रचंड दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करतात. त्यात गंधक जवळपास निघून जातं आणि तिसऱ्या गटात तर रेणूच मोडून नव्या घडणीचे होतात. चौथ्या गटातलं पॉलिअल्फाओलेफिन कच्च्या तेलातून गाळलेलं नसतंच. वायूपासून मिळवलेले छोटे रेणू एकेक जोडून ते बांधतात.

आता ‘फुल सिंथेटिक’ म्हणजे चौथा गट, असं कोणालाही वाटेल. पूर्वी तसंच होतं. पण नव्वदच्या दशकात अमेरिकेत कॅस्ट्रॉलने आपल्या सिंथेटिक ऑइलमध्ये तिसऱ्या गटाचं तेल वापरायला सुरुवात केली. मोबिलने जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या मंडळाकडे धाव घेतली आणि १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून बाजारातली बहुतेक फुल सिंथेटिक ऑइलं प्रामुख्याने तिसऱ्या गटाची असतात. जर्मनीत मात्र अजूनही असं ऑइल पूर्ण सिंथेटिक म्हणून विकता येत नाही. सेमी-सिंथेटिकचं तर आणखी मोघम. त्यात मिनरलमध्ये सिंथेटिक किती मिसळायचं याला ठरलेला आकडा नाही आणि डब्यावरही तो बहुधा नसतो. म्हणून मी सेमीचा डबा घेताना शब्दाकडे पाहत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ग्रेड आणि एपीआयचा वर्ग असतो, तो वाचतो.

तुमच्या पुस्तकातल्या ५डब्ल्यू-३० मुळे निवडीचा बराचसा प्रश्न आपोआप सुटतो. इतकं पातळ ऑइल पहिल्या गटाच्या तेलातून बनवायला गेलं तर त्यातले हलके रेणू गरम इंजिनात उडून जातात. प्रयोगशाळेत ऑइल २५० अंशांवर तासभर तापवून किती उडालं ते मोजतात. आजच्या ५डब्ल्यू-३० ला त्यात १५ टक्क्यांची मर्यादा आहे. पातळ मिनरल तेल या परीक्षेत सहज नापास होतं. त्यामुळे मिनरलचे डबे मिळतात ते १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे घट्ट ग्रेडचे. ते घातलं तर गाडी बंद पडणार नाही, पण पातळ ऑइल धरून बनवलेल्या इंजिनाचं मायलेज उतरेल आणि थंड इंजिनात ऑइल वरपर्यंत पोचायला उशीर लागेल. थंडीचा बाऊ मात्र करू नका. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली परीक्षा शून्याखाली १५ अंशांवर घेतात. निफाडला द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ आली तरी पारा त्याच्या जवळपासही जात नाही.

सिंथेटिकचा आपल्याकडे खरा फायदा उष्णतेत आहे. तापलेल्या ऑइलचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि तापमान दहा अंश वाढलं की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. ऑइलमधली ऑक्सिडेशन रोखणारी रसायनं आधी स्वतः खर्ची पडतात. ती आहेत तोवर बेस ऑइल वाचतं. ती संपली की ऑइल झपाट्याने घट्ट होतं आणि पिस्टनवर, झडपांजवळ तपकिरी राप धरतो. तिसऱ्या-चौथ्या गटाच्या रेणूंवर ऑक्सिजनला पकड मिळायला जागा कमी असतात आणि त्या तेलात ही रसायनं कामही जास्त चांगलं करतात. कसारा घाट भरल्या गाडीने चढणाऱ्याला किंवा टर्बो इंजिनवाल्याला सिंथेटिकचे जास्तीचे पैसे वसूल होतात ते यामुळे. जुन्या मिनरलचाही एक गुण सांगायला हवा. ते घाण आणि अॅडिटिव्ह स्वतःत चांगलं विरघळवून ठेवतं. चौथ्या गटाला ते तितकंसं जमत नाही, म्हणून त्यात थोडं एस्टर वगैरे घालावं लागतं.

पण तुमच्या गाडीचं ऑइल उष्णतेने म्हातारं होत नाही. ते दुसऱ्याच कारणाने होतं. हिशेब मांडून बघू.

समजा, एक भाड्याची गाडी रोज नाशिक-मुंबई-नाशिक करते. जाऊन-येऊन ३४० किलोमीटर धरले तर तिचे दहा हजार किलोमीटर तीस दिवसांत होतात. सरासरी ताशी ४८ किलोमीटर वेग धरला तर इंजिन चाललं सव्वादोनशे तासांच्या आत. थंड इंजिन सुरू झालं ते साठेक वेळा, आणि प्रत्येक वेळी नंतर तीन-चार तास सलग तापून चाललं.

तुमचे साडेचार हजार किलोमीटर म्हणजे तीनशे दिवस आणि सहाशे फेऱ्या. सिग्नल आणि सकाळची गर्दी धरून साडेसात किलोमीटरला २५ मिनिटं लागतात असं समजू. इंजिन चाललं २५० तास. म्हणजे निम्म्याहून कमी किलोमीटरमध्ये तुमच्या ऑइलने त्या गाडीपेक्षा जास्त तास नोकरी केली, आणि थंड इंजिन सुरू झालं सहाशे वेळा, दहापट. ओडोमीटर यातलं काहीच सांगत नाही.

थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. सगळं जळत नाही, थोडं पिस्टनच्या रिंगांपाशी निसटून खाली चेंबरमध्ये ऑइलमध्ये उतरतं. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ रिंगांपाशी उतरून थंड चेंबरमध्ये जमते. ऑइल नीट तापून बराच वेळ तसंच राहिलं तर पेट्रोल आणि पाणी दोन्ही उडून जातात. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर येतो तो कूलंटचा. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. तुमच्या २५ मिनिटांत ऑइल तापायला लागतं, तोवर कारखान्याचं गेट येतं.

पाण्यात ज्वलनातले वायू मिसळून आम्ल होतं. ते मारण्यासाठी ऑइलमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियमची क्षारधर्मी रसायनं घातलेली असतात. हा साठा ठरावीक असतो आणि रोज थोडा खर्च होतो. झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं संयुगही पाण्यामुळे लवकर संपतं. बेस ऑइल तिसऱ्या गटाचं असो की चौथ्या, या खर्चात फरक पडत नाही, आणि पेट्रोलने पातळ झालेलं सिंथेटिक हे पातळच असतं. तुमचं ऑइल दोन वर्षांनी काढलं तर बेस ऑइल कदाचित धडधाकट निघेल. त्याला राखणारी रसायनं तोवर संपलेली असतील. कंपन्या पुस्तकात ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं लिहितात. त्यातलं ‘एक वर्ष’ तुमच्यासारख्यांसाठी असतं.

काळ्या रंगाची काळजी सोडा. काजळीचे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना सुटं आणि तरंगतं ठेवणारं रसायन ऑइलमध्ये असतं. ऑइल काळं झालं म्हणजे काजळी इंजिनाला न चिकटता ऑइलमध्ये राहिली. हजारो किलोमीटर चालूनही अगदी स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलचा मला जास्त संशय येईल.

बघायच्या खुणा वेगळ्या आहेत. सपाट जागी, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी काढा. पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि पट्टीला पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल उतरतंय. ऑइल भरायच्या टोपणाच्या आत सायीसारखा पिवळट-पांढरा थर दिसला तर ते पाणी आहे. हिवाळ्यात थोडासा थर दिसणं साहजिक आहे. एक लांब फेरी झाली की तो जायला हवा. तरी राहिला आणि कूलंटही कमी होत असेल तर गॅस्केट तपासून घ्या. गॅरेजमध्ये करता येण्यासारखी आणखी एक परीक्षा आहे. पट्टीवरचा एक थेंब गाळणकागदावर टाकून दिवसभर ठेवा. काळसर डाग कडेकडे फिकट होत पसरला तर काजळी अजून सुटी आहे. मध्ये गडद ठिपका आणि त्याची कड रेघ मारल्यासारखी दिसली तर काजळी सुटी ठेवणारं रसायन संपलं, ऑइल काढा. आम्ल मारणारा साठा किती उरला हे मात्र या कागदावर कळत नाही.

थोडक्यात, पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं आणि वर्गाचं ५डब्ल्यू-३० घाला. ते बहुधा सिंथेटिकच असेल, पण त्यातही सगळ्यांत महाग डबा घ्यायची गरज नाही. त्यातून वाचलेल्या पैशात दर वर्षी, फिल्टरसकट, ऑइल बदला. आठवड्यातून एकदा गाडी महामार्गावर तासभर न थांबता चालवता आली तर ऑइलमधलं पेट्रोल-पाणी बरंचसं निघून जाईल. आणि घरात बाइक असेल तर उरलेलं ५डब्ल्यू-३० तिच्यात ओतू नका. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि गाडीच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं तो घसरवतात. तिला जासो एमए किंवा एमए२ छापलेलाच डबा लागतो, आणि साध्या शंभर सीसी बाइकला पुस्तकात मिनरल सांगितलं असेल तर मिनरल पुरेसं आहे.