हॉस्पिटलच्या बिलातले 'अटेंडंट चार्जेस' : पॉलिसी असूनही खिशातून जाणारे पैसे

मागच्या व्हिडिओत आपण दुकानदाराने आरोग्य विमा किती रकमेचा घ्यावा हे बघितलं. त्याखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला : "सर, पाच लाखांची कॅशलेस पॉलिसी आहे, तरी डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर दहा-पंधरा हजार का भरायला लावतात?" तो हिशोब व्हिडिओत घाईघाईत सांगण्यासारखा नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी आपल्या जिल्ह्यातली परिस्थिती लक्षात घ्या. संगमनेर, राहुरी, श्रीगोंदा, पाथर्डी, कुठलाही तालुका घ्या. मोठं ऑपरेशन म्हटलं की माणूस नगरला, लोणीला, नाशिकला किंवा पुण्याला जातो. पेशंट एक आणि सोबत दोन माणसं. त्यातला एक बहुतेक वेळा दुकान चालवणाराच असतो, म्हणजे इकडे शटर खाली आणि तिकडे खर्च चालू. सोबतच्या माणसाचा खर्च बिलात येतो, पण विमा कंपनीच्या लेखी तो 'उपचार' नसतो. सगळी भानगड इथेच आहे.

विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, हॉस्पिटलच्या बिलात येणाऱ्या किरकोळ गोष्टींच्या चार याद्या केलेल्या आहेत. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत शेवटी परिशिष्ट म्हणून त्या छापलेल्या असतात. बरेच जण तिथपर्यंत पोचत नाहीत. आपल्याला त्यातल्या पहिल्या दोनच समजून घ्यायच्या आहेत, कारण नातेवाइकांचा खर्च त्यांतच येतो.

पहिल्या यादीत 68 गोष्टी आहेत. साध्या पॉलिसीत या मिळत नाहीत. 'अटेंडंट चार्जेस' हे शब्द तिथे जसेच्या तसे आहेत. त्याशिवाय गेस्ट सर्व्हिसेस, पेशंट सोडून इतरांचं जेवण, मिनरल वॉटर, टेलिफोन, इंटरनेट, टीव्ही, लाँड्री, झेरॉक्स, येण्याजाण्याचा खर्च हे सगळं याच यादीत. खासगी नर्स किंवा स्पेशल नर्सिंगचे पैसेही इथेच. डायपर, ग्लोव्हज, मास्क, वॉकरसारखी चालायची साधनं यांचीही नावं त्यात आहेत. या वस्तू पेशंटच्याच आहेत, नातेवाइकांच्या नाहीत, पण कापल्या जातात त्याच झटक्यात.

दुसरी यादी वेगळी आहे आणि तिच्यात तुमचा फायदा आहे. यातल्या गोष्टी खोलीच्या भाड्यातच धरायच्या असतात. व्हिजिटर पास, फाइल उघडण्याचे पैसे, अॅडमिशन किट, डिस्चार्जच्या प्रक्रियेचे पैसे, चादर, ब्लँकेट, हाउसकीपिंग, एसीचे पैसे, पेशंटच्या हातातली नावाची पट्टी हे सगळं दुसऱ्या यादीत येतं. म्हणजे भाडं घेतलं की त्यात हे आलंच. हॉस्पिटलने ते वेगळं लावलं तर विमा कंपनी कापते, आणि हॉस्पिटल ते तुमच्याकडे मागतं. तिथे बोलायचं विमा कंपनीशी नाही, हॉस्पिटलच्या बिलिंगशी. "हे रूमच्या भाड्यात धरायचं असतं, वेगळं कशाला लावलं?" एवढं विचारायचं. हॉस्पिटल त्या कंपनीच्या नेटवर्कमधलं असेल तर त्यांचा दराचा करार झालेला असतो, त्यामुळे तुमच्या बोलण्याला वजन येतं. नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलमध्ये ते ऐकतीलच असं नाही.

आता एक हिशोब करू. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, तुमच्या हॉस्पिटलचे दर वेगळे असतील.

समजा राहुरीचा एक हार्डवेअरवाला आहे. आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन, सहा दिवस अॅडमिट. पॉलिसी पाच लाखांची, खोलीच्या भाड्याला मर्यादा नाही. एकूण बिल 1,86,400 रुपये.

बिलात अटेंडंट चार्जेस आहेत, दिवसाला 600 प्रमाणे 3,600. सोबतच्या माणसाची कॉट दिवसाला 200, म्हणजे 1,200. कँटीनमधून नातेवाइकांची बारा जेवणं, 150 ने 1,800. डायपर, ग्लोव्हज, मास्क मिळून 2,700. घरी जाताना घेतलेला वॉकर 1,400. ही बेरीज 10,700 होते आणि ती सगळी पहिल्या यादीतली. व्हिजिटर पासचे 200 आणि फाइलचे 500, हे 700 दुसऱ्या यादीतले. विमा कंपनी मंजुरी देताना हे 11,400 वजा करून 1,75,000 मंजूर करेल. काउंटरवर 11,400 भरा म्हणतील. त्यातले 700 बोलून कमी करता येतात, 10,700 नाही.

इथे हिशोब संपत नाही. सुनेला रात्री जागणं जमेना म्हणून वॉर्डातल्या एका मावशींच्या ओळखीने खासगी आया लावली. चार रात्री, रात्रीचे 900, रोख 3,600. हे बिलात आलंच नाही, त्यामुळे कोणी कापलंही नाही. गेले मात्र गल्ल्यातूनच. 10,700 आणि 3,600 मिळून 14,300. गाडीचं डिझेल आणि बंद दुकानाचा धंदा अजून धरलेला नाही.

या हिशोबात लोक तीन ठिकाणी अडकतात.

पहिलं म्हणजे नर्सिंग आणि अटेंडंट यातला फरक. वॉर्डातली नर्स इंजेक्शन देते, सलाइन बघते, बीपी मोजते. ते नर्सिंग चार्जेस उपचारात धरतात आणि मिळतात. आया, मावशी किंवा वॉर्डबॉय पेशंटला उठवतात, अंग पुसतात, सोबत बसतात. कुणालाही विचारा, खुब्याच्या पेशंटला हेच जास्त लागतं. पण ते देखभालीत जातं, मिळत नाही. आणि नर्सिंगचे पैसे लावून वर आणखी 'सर्व्हिस चार्जेस' असं लावलेलं असेल तर तेही पहिल्या यादीतलं आहे. बिलात हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी दिसले तर लगेच विचारा.

दुसरं, जेवण. पेशंटला हॉस्पिटलने दिलेला आहार ठरलेल्या खर्चात बसतो, नातेवाइकांचं जेवण नाही. आता कँटीनने दोन्ही मिळून 'फूड अँड बेव्हरेजेस 4,200' अशी एकच ओळ टाकली, तर तपासणारा माणूस पूर्ण 4,200 कापतो, कारण पेशंटचं किती हे त्याला कळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी कँटीनला सांगा : पेशंटचा आहार वेगळा लिहा, आमचं जेवण आम्ही रोख देतो, रूमच्या बिलात टाकू नका. तपशील नसलेल्या 'किट'चंही तेच होतं. आत काय आहे हे लिहिलेलं नसेल तर पूर्ण किट जातं.

तिसरं जास्त गंभीर आहे. काही ठिकाणी ओळखीचा माणूस सुचवतो, "अटेंडंटचं नाव बदलून नर्सिंगमध्ये टाकून देतो, क्लेम होऊन जाईल." हे करू नका. टीपीएवाले नर्सिंगचा दर आणि दिवस बघतात, इनडोअर पेपर मागवतात. तीन-चार हजारांसाठी खोटं विवरण दिल्याचा ठपका आला तर पावणेदोन लाखांचा क्लेम अडकू शकतो.

मग हे पैसे उभे करायचे कसे? दोन रस्ते आहेत. पहिला 'कन्झ्युमेबल्स' नावाचा रायडर, थोडा जास्त हप्ता भरून मिळतो. काही पॉलिसींमध्ये तो पहिल्या यादीतल्या सगळ्या गोष्टींना लागू असतो, काहींमध्ये फक्त ग्लोव्हज, मास्क अशा वापराच्या वस्तूंना. एजंट "सगळं कव्हर आहे" म्हणेल. त्याला व्हॉट्सअॅपवर एवढंच विचारा, "अटेंडंट चार्जेस यात आहेत का? पॉलिसीतली ओळ पाठवा." ओळ आली नाही तर नाही धरून चाला.

दुसरा रस्ता 'हॉस्पिटल कॅश', आणि छोट्या दुकानदाराला मला हा जास्त पटतो. यात अॅडमिट असलेल्या प्रत्येक पूर्ण दिवसाचे ठरलेले पैसे मिळतात, बिलात काय आहे हे बघत नाहीत. दिवसाला 1,000 चा बेनिफिट असेल तर वरच्या उदाहरणात सहा दिवसांचे 6,000. पहिला दिवस वगळायची अट असेल तर 5,000. त्यातून आयाला द्या, जेवणाला द्या, कोणी पावती मागत नाही. फक्त हे पैसे नंतर येतात, डिस्चार्जच्या काउंटरवर उपयोगी पडत नाहीत. लहान मूल अॅडमिट असेल तर काही पॉलिसींत सोबतच्या आईवडिलांसाठी दिवसाचा वेगळा भत्ता असतो, त्याला वयाची मर्यादा असते. तो तुमच्यात आहे का तेही बघून ठेवा.

डिस्चार्जनंतरचंही सांगतो, कारण तिथे मोठा गैरसमज आहे. 'पोस्ट हॉस्पिटलायझेशन 60 दिवस' असं लिहिलेलं असतं, म्हणून लोक घरी महिनाभर केअरटेकर ठेवतात आणि पावती जोडतात. ती नामंजूर होते. त्या 60 दिवसांत त्याच आजाराची औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी येते. सांभाळायला ठेवलेली बाई येत नाही. महिन्याला पंधरा हजार घेणारी बाई ठेवायची असेल तर ते पूर्ण आपलेच पैसे धरा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर गणित बदलतं. तिथे पॅकेजमध्ये पेशंटचं जेवण आणि घरी परत जायचं भाडं धरलेलं असतं, त्यामुळे त्या नावाने पैसे मागितले तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे जा. सोबतच्या माणसाचं जेवण मात्र तिथेही आपलंच.

आता धंद्याच्या वहीतलं काम. हे 14,300 तुम्ही गल्ल्यातून उचलले असतील तर ते दुकानाचा खर्च म्हणून टाकू नका. घरच्या माणसाच्या आजारपणाचा खर्च धंद्याचा नसतो, तो मालकाची उचल म्हणून लिहायचा. नाहीतर महिन्याच्या शेवटी नफा कमी दिसतो आणि तुम्ही उगाच मालाच्या दरात चूक शोधत बसता. दुकानातल्या कामगाराच्या आजारपणात तुम्ही मदत केली असेल तर ती गोष्ट वेगळी, ती कामगार कल्याणाच्या खात्यात जाते, पावतीसकट.

अॅडमिट होतानाच टीपीए डेस्कवर दोन गोष्टी मागून घ्या : अटेंडंट, कॉट आणि पास यांचे दर, आणि दर दोन दिवसांनी चालू बिलाची प्रत. महाराष्ट्रात 2021 च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार हॉस्पिटलला मुख्य सेवांचं दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं, पण सोबतच्या माणसाच्या कॉटचा दर त्यावर सापडेलच असं नाही, म्हणून तो तोंडी न विचारता लिहून घ्या. तिसऱ्या दिवशी बिलात व्हिजिटर पास दिसला तर तिसऱ्याच दिवशी काढायला सांगता येतो. डिस्चार्जच्या दिवशी, अॅम्ब्युलन्स खाली उभी असताना, 700 रुपयांसाठी कोणी भांडत नाही, आणि बिलिंगवाल्यांना ते चांगलं माहीत असतं.