वर्षभरात ज्ञानेश्वरी, रोज २५ ओव्या

ज्ञानेश्वरीत सुमारे ९००० ओव्या आहेत. रोज २५ वाचल्या तर वर्षात ग्रंथ पूर्ण होतो, वर तीन-चार दिवस हाताशी उरतात. आपण मात्र अध्याय मोजत बसतो, आणि तिथंच फसगत होते. नववा संपला की वाटतं, चला, अर्धं झालं! खरं तर तेव्हा तिसरा हिस्साही झालेला नसतो. एकट्या अठराव्यातच १८०० च्या आसपास ओव्या आहेत. म्हणून कॅलेंडरवर आजच खुणा करून ठेवू: ९० व्या दिवशी आठवा अध्याय चालू हवा, १८० व्या दिवशी तेरावा, २७० व्या दिवशी सोळावा. मध्ये आठवडा बुडाला तर राहिलेल्या १७५ ओव्या एका बैठकीत उरकू नये, घाईत अर्थ निसटतो. पुढचे ३५ दिवस रोज ३० वाचल्या की भरपाई होते.